एक मिनिट धाव, एक मिनिट चाल: मग ॲव्हरेज पेस नक्की किती धरायचा?

आमच्या वहिनींनी जूनमध्ये पळायला सुरुवात केली. म्हणजे पळणं कमी आणि चालणं जास्त असंच होतं सुरुवातीला, मग एक मिनिट पळायचं, एक मिनिट चालायचं असं ठरलं आणि फोनमध्ये दर मिनिटाला वाजणारा इंटरव्हल टायमर लावून दिला. तीन-चार आठवडे छान चाललं. एक दिवस मैदानावरून आल्या त्या हातातलं घड्याळ माझ्यासमोर धरूनच, "भाऊजी, मी पळते सातच्या पेसनं, चालते बाराच्या पेसनं, दोन्हीला मिनिट सारखंच देते. सात आणि बारा एकोणीस, भागिले दोन, साडेनऊ. मग हे घड्याळ आठ एक्कावन्न का दाखवतंय? बिघडलंय का?"

घड्याळ बिघडलेलं नव्हतं. गंमत म्हणजे दोन वर्षांपूर्वी मी पण हीच चूक केलेली, ती सुद्धा एक्सेल शीट बनवून, रंगबिरंग भरून, ग्रुपवर टाकून. त्यामुळं आता हे सगळं एकदा नीट लिहूनच काढतो, नवीन मंडळींना उपयोगी पडेल. गणित पाचवीच्या पुढं जात नाही, घाबरू नका.

आधी एक शब्द ठरवून घेऊ. एक मिनिट धाव आणि त्याच्या मागची एक मिनिट चाल, हे दोन्ही मिळून झाली एक जोडी. जोडी नेहमी दोन मिनिटांची. पुढचं सगळं या जोडीवरच चालणार आहे.

साडेनऊ का येत नाही

पेस म्हणजे काय, तर एक किलोमीटर जायला किती मिनिटं लागतात. ७:०० चा पेस म्हणजे किलोमीटरला सात मिनिटं. आता वहिनी सातच्या पेसनं पळतात, पण किती वेळ पळतात? एकच मिनिट. त्या एका मिनिटात त्या किलोमीटरचा सातवा भाग कापतात, म्हणजे १००० भागिले ७, साधारण १४३ मीटर. मग बीप वाजतो आणि बाराच्या पेसनं एक मिनिट चालतात, म्हणजे १००० भागिले १२, साधारण ८३ मीटर. झाली जोडी. दोन मिनिटात १४३ अधिक ८३, म्हणजे २२६ मीटर.

आता दोन मिनिटात २२६ मीटर तर १००० मीटरला किती? २००० ला २२६ नं भागा, ८.८५ येतं. आणि इथं थांबा जरा, कारण इथं निम्मी जनता घसरते. ८.८५ म्हणजे आठ मिनिटं पंच्याऐंशी सेकंद नाही राव! पॉइंटच्या पुढचं जे आहे ते मिनिटाचा भाग आहे, त्याला ६० नं गुणायचं. ०.८५ गुणिले ६० म्हणजे ५१. तर पेस आला ८:५१. घड्याळ बरोबरच सांगत होतं.

साडेनऊ कुठं चुकलं मग? सात आणि बाराची सरासरी काढताना आपण गृहीत धरतो की सातच्या पेसनं जेवढं अंतर गेलो तेवढंच अंतर बाराच्या पेसनं गेलो. पण तसं झालेलंच नाही. वेळ सारखा दिलाय, अंतर नाही. धावण्याच्या मिनिटात १४३ मीटर झाले आणि चालण्याच्या मिनिटात फक्त ८३, म्हणजे जोडीतल्या अंतराचा मोठा वाटा धावण्याचा आहे, त्यामुळं ॲव्हरेज धावण्याच्या पेसकडं ओढला जातो.

हाच हिशोब खांबावर करून बघा म्हणजे डोक्यात पक्कं बसेल. आपल्याकडं बरेच जण टायमर बिमर न लावता रस्त्याच्या कडेच्या लाइटच्या खांबांवर पळतात, या खांबापासून त्या खांबापर्यंत पळायचं, पुढच्या खांबापर्यंत चालायचं. समजा दोन खुणांमध्ये १०० मीटर आहेत. वहिनींना १०० मीटर पळायला ४२ सेकंद लागतील आणि १०० मीटर चालायला ७२ सेकंद. २०० मीटरला ११४ सेकंद, म्हणजे किलोमीटरला ५७० सेकंद, म्हणजे बरोब्बर ९:३०. बघा, तीच बाई, तेच पाय, तेच दोन पेस, आणि नुसतं मिनिटाच्या ऐवजी खांब मोजले तर किलोमीटरमागं ३९ सेकंद जास्त. कारण खांबावर अंतर सारखं झालं आणि वेळ चालण्यात जास्त गेला.

तर नियम एवढाच: वेळ सारखा असेल तर मीटर मोजा आणि मीटरची बेरीज करा. अंतर सारखं असेल तर पेसची सरासरी चालते. माझ्या शीटमध्ये मी दर मिनिटाच्या लॅपचा पेस टाकून खाली AVERAGE लावलेलं, आणि तीन महिने स्वतःला आहे त्यापेक्षा स्लो समजत होतो. ज्यांना शीटच वापरायची आहे त्यांनी हे वापरा:

```
=HARMEAN(7,12)
```

उत्तर ८.८४ येईल. आपण मघाशी मीटर पूर्णांकात धरले म्हणून ८.८५ आलं, एवढ्यानं काही बिघडत नाही. पण खरं सांगू, मीटरची बेरीज तोंडी होते, चालता चालता होते, शीटची गरजच पडत नाही.

आता तुमचे स्वतःचे मीटर काढा

वहिनींचे १४३ आणि ८३ तुमच्या कामाचे नाहीत. तुमचे आकडे तुम्हाला काढायला लागतील आणि इथं सगळ्यात जास्त फसवणूक होते, कारण लोक घड्याळावर पळता पळता जो पेस दिसतो तोच उचलतात. तो चालू पेस मागच्या काही सेकंदांवरून काढलेला असतो, म्हणजे तुम्ही पळायला लागला तरी थोडा वेळ तो चालण्याचाच वास दाखवतो, आणि एका मिनिटाच्या तुकड्यात तो स्थिर होईपर्यंत पुढचा बीप वाजतो. शिवाय जीपीएस चार-सात मीटर इकडं तिकडं होतंच. लांब रनमध्ये ते पचून जातं, पण १४३ मीटरमध्ये सात मीटर इकडं तिकडं म्हणजे पेस ६:४० पासून ७:२१ पर्यंत कुठंही दिसू शकतो. एका लॅपवर विश्वास ठेवू नका.

सोपा मार्ग म्हणजे ४०० मीटरचा ट्रॅक आखलेलं मैदान. सगळ्यात आतल्या लेनमधनं पळा. बाहेरच्या लेनला गेलात तर प्रत्येक लेनला राउंडमागं सात-साडेसात मीटर वाढतात, आणि सकाळी आतली लेन वॉकिंगवाल्या आजी-आजोबांनी भरलेली असते म्हणून आपण नकळत तिसऱ्या-चौथ्या लेनला जातो, मग हिशोब बोंबलतो. दहा जोड्या करा, म्हणजे वीस मिनिटं. संपलं की किती राउंड आणि वर किती मीटर ते बघा. वहिनींचे पाच राउंड पूर्ण आणि वर २६० मीटर झाले, म्हणजे २२६० मीटर, भागिले दहा, जोडीला २२६. झालं काम. नुसता ॲव्हरेज पेस हवा असेल तर धावेचे वेगळे आणि चालीचे वेगळे काढायची सुद्धा गरज नाही.

पण पुढं टार्गेट लावायचं असेल तर वेगळे लागतात. आम्ही काय केलं, पुतण्याला सोबत नेलं (सुट्टी होती, वडापावचं आमिष दाखवलं), आणि बीप वाजला की वहिनी जिथं असतील तिथं ट्रॅकच्या कडेला त्यानं खूण ठेवायची, एकदा दगड, एकदा चप्पल. हे तीनदा केलं: पहिल्या जोडीला, मधल्या एका जोडीला आणि शेवटच्या जोडीला. नंतर सरळ बाजूच्या १०० मीटरच्या खुणेवरून पावलं टाकून अंतर मोजलं. आलं असं: पहिल्या जोडीत धाव १५०, चाल ८८. मधल्यात १४३ आणि ८३. शेवटच्यात १३६ आणि ७९.

बघितलं का? पहिल्या मिनिटाला माणूस ताजा असतो, बीप वाजला की सुटतो. तोच आकडा धरून पुढचा हिशोब केला तर जोडीला २३८ मीटर, पेस ८:२४, आणि वाटतं वा, काय भारी. शेवटच्या जोडीत तोच माणूस २१५ मीटरवर आलेला असतो, म्हणजे ९:१८. तिन्हीची सरासरी २२६ च आली, आणि वीस-तीस मिनिटांच्या रनला तीच धरायची. पण तासभराचा प्लॅन करत असाल तर शेवटच्या जोडीचा आकडा धरा, कारण तासातला बराच वेळ तुम्ही त्या अवस्थेतच काढणार आहात.

ज्यांच्याकडं पुतण्या नाही त्यांनी घड्याळात एक-एक मिनिटाचे इंटरव्हल लावा, लॅप आपोआप पडतील. घरी येऊन सगळ्या धावेच्या लॅपचे मीटर एकत्र करा, सगळ्या चालीच्या लॅपचे एकत्र करा, आणि मग लॅपच्या संख्येनं भागा. दहा लॅपच्या बेरजेत जीपीएसची चूक बऱ्यापैकी मावळते. फक्त मीटरची बेरीज करा हां, पेसची नको, नाहीतर परत साडेनऊला याल.

किती वेळात किती जाल

जोडीचे मीटर मिळाले की बाकी सगळं गुणाकार-भागाकार. तीस मिनिटं म्हणजे पंधरा जोड्या, १५ गुणिले २२६ म्हणजे ३३९० मीटर. साडेनऊवाला हिशोब तीस मिनिटात ३१५८ मीटर सांगतो. २३२ मीटरचा फरक, म्हणजे एका अख्ख्या जोडीपेक्षा जास्त.

उलटं, पाच किलोमीटरला किती वेळ? ५००० भागिले २२६, म्हणजे २२ जोड्या पूर्ण (४९७२ मीटर, ४४ मिनिटं) आणि उरले २८ मीटर. हे २८ मीटर कशात येणार? तेविसाव्या जोडीच्या धावेत, कारण आपण जोडीची सुरुवात धावेनं केलीय. मिनिटाला १४३ मीटर म्हणजे २८ मीटरला १२ सेकंद. एकूण ४४:१२. सरळ पेसनं केलं असतं तर ४४:१५ आलं असतं. तीन सेकंदांसाठी कोण एवढं डोकं लावतं, पण मला हे करून बघायला आवडतं, आणि याच्यावरनं एक कामाची गोष्ट कळते ती सांगतो.

रन चालू असताना घड्याळावरचा एकूण ॲव्हरेज पेस सतत वरखाली होत असतो. पहिलं मिनिट संपलं तेव्हा तो ७:०० असतो, दुसरं संपलं की ८:५१. तिसरं मिनिट परत धावेचं, ते संपलं की ८:०८, चौथ्याला परत ८:५१. पंधराव्या मिनिटाला, म्हणजे धाव संपताना, ८:४२ दिसेल आणि सोळाव्याला ८:५१. म्हणजे धाव संपताना घड्याळ नेहमी आपल्याला थोडं चढवून सांगतं, आणि माणूस नेमका धाव संपल्यावरच घड्याळ बघतो, धापा टाकत. म्हणून पेस बघायचा तो चाल संपली, बीप वाजला, तेव्हाच. मधे बघूच नका. जसजसा वेळ जातो तसा हा फरक कमी होत जातो, एकोणतिसाव्या मिनिटाला ८:४६ म्हणजे फक्त पाच सेकंदाचा फरक उरतो, पण पहिल्या दहा मिनिटात तो पुरेसा फसवतो आणि मग लोक म्हणतात सुरुवात एकदम मस्त झाली होती, नंतर काय झालं माहीत नाही. काही झालेलं नसतं. मिनिटच वेगळं होतं.

पेस सुधारायचा तर पळणं वाढवू का चालणं

हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो कारण इथं सगळ्यांचा अंदाज उलटा निघतो. वहिनींना ८:५१ वरून ८:२४ वर यायचं होतं. जोडीला २२६ चे २३८ करायचे, म्हणजे १२ मीटर वाढवायचे. ते कुठून आणायचे?

धावेतनं आणायचे तर १४३ चे १५५ करायला लागतील, म्हणजे धावेचा पेस ७:०० वरून ६:२७. चालीतनं आणायचे तर ८३ चे ९५, म्हणजे चालीचा पेस १२:०० वरून साधारण १०:३०. नुसतं पेसकडं बघितलं तर चालण्यात दीड मिनिट सुधारायचंय आणि धावण्यात फक्त ३३ सेकंद, मग धावणंच सोपं वाटतं ना? पण मीटर दोन्हीकडं तेवढेच बारा आहेत. पेस हा असा लबाड आकडा आहे, स्लो बाजूला त्याचे सेकंद स्वस्त असतात आणि फास्ट बाजूला महाग.

नवीन माणसाला धावेत ६:२७ वर जाणं म्हणजे श्वास फुगणार, आणि पुढच्या चालीच्या मिनिटात तो फक्त कमरेवर हात ठेवून उभ्या उभ्या सरकणार, म्हणजे चालीचे मीटर ८३ चे ७० होणार आणि कमावलेलं सगळं गेलं. त्यापेक्षा चालण्याच्या मिनिटात खरंच चालणं, म्हणजे भाजी आणायला निघाल्यासारखं नाही तर एसटी सुटायला आली असल्यासारखं, हे जास्त जमतं. लांब ढांगा टाकू नका, छोटी पण पटापट पावलं, आणि हात कोपरात वाकवून ठेवा, लटकणारे हात पावलांना पण संथ करतात. बहुतेक नवीन लोकांचं नुकसान चालीच्या पहिल्या दहा-पंधरा सेकंदात होतं: बीप वाजला की ते जवळजवळ थांबतात, पाणी पितात, फोन बघतात, मग चालायला लागतात. धावेतून थेट जोरात चालण्यात उतरलं तरी पाच-सहा मीटर फुकटचे मिळतात.

याला मर्यादा आहे हे पण सांगतो. चाल एवढी जोरात केली की विश्रांतीच मिळेना, तर पुढची धाव पडते. कसं ओळखायचं? परत मीटरच. चालीत १२ मीटर कमावले आणि धाव १४३ वरून १३५ वर आली, तर हातात फक्त चार पडले. धाव १३१ वर आली तर एवढा आटापिटा शून्यासाठी केला. म्हणून चाल वाढवताना एका वेळेला चार-पाच मीटरच वाढवा आणि शेवटच्या दोन-तीन जोड्यांत धावेचे मीटर टिकतायत का ते बघा. सुरुवातीच्या जोड्या काहीही सांगत नाहीत.

टार्गेट ठरवताना पण असंच उलटं चालायचं. समजा १० किलोमीटर ८५ मिनिटात करायचेत. पेस ८:३०, म्हणजे ८.५. २००० भागिले ८.५, जोडीला २३५ मीटर. सध्या २२६ होतायत, म्हणजे नऊ कमी. पाच चालीतनं काढा, चार धावेतनं: ८८ आणि १४७. १४७ म्हणजे धावेचा पेस ६:४८, हे काही डोंगर उचलणं नाही. फक्त ८५ मिनिटं म्हणजे साडेबेचाळीस जोड्या, आणि २३५ ची सरासरी शेवटपर्यंत ठेवायची तर चाळिसाव्या जोडीत सुद्धा त्याच्या आसपास राहायला लागेल. ट्रॅकवर वीस मिनिटं जमलं म्हणून दहा किलोमीटरला जमेल असं धरू नका.

उभं राहिलात तर

ही चूक रस्त्यावर पळणाऱ्यांची. मैदान सोडून शहरातनं पळालात, आमच्या साताऱ्याच्या पोवई नाक्यावर गाड्या आडव्या आल्या, ओळखीचं कुणी भेटलं, दोन मिनिटं गेली. घड्याळात ऑटो-पॉज चालू असेल तर ते ही दोन मिनिटं मोजतच नाही आणि घरी आल्यावर ८:५१ च दाखवतं. प्रत्यक्षात तुम्ही ३३९० मीटरला ३० नाही, ३२ मिनिटं घेतलीत, म्हणजे ९:२६. ॲपमध्ये मूव्हिंग टाइम आणि एलॅप्स्ड टाइम असे दोन आकडे वेगळे असतात ते यासाठीच. सरावात कुठला पण बघा, पण इव्हेंटच्या प्लॅनसाठी थांबण्यासकटचा एलॅप्स्ड टाइमच बघायचा, कारण छातीवरच्या नंबरची, म्हणजे बिबवरची चिप तुमच्यासाठी पॉज होत नाही, पाण्याच्या टेबलापाशी थांबलात तरी वेळ चालूच. आणि रन-वॉकवाल्यांनी ऑटो-पॉज बंदच ठेवावा असं माझं मत, काही घड्याळांत तो हळू चालणं सुद्धा थांबणं समजतो आणि मग चालीची मिनिटंच खातो, पेस असा काही भारी दिसतो की बघायला नको. तुमच्या रनचा एकूण वेळ तीस मिनिटं असायला हवा आणि घड्याळ सव्वीस दाखवत असेल तर हेच झालंय.

घाट

साताऱ्यात राहून नुसतं मैदानावर कोण पळणार. समर्थ मंदिराच्या पुढं यवतेश्वरचा घाट लागला की मैदानावरचे १४३ आणि ८३ विसरायचे. सातारा हिल हाफ मॅरेथॉन याच घाटातनं वर जाते आणि परत येते, २१.१ किलोमीटर, आणि नवीन लोक दरवर्षी सपाटीचा पेस घेऊन इथं येतात.

वहिनींचे चढावरचे मीटर आम्ही घड्याळाच्या लॅपवरनं काढले, धाव १०५, चाल ७५. बघा, धाव ३८ मीटरनं पडली आणि चाल फक्त आठनं. चढावर धावणं आणि चालणं जवळ जवळ येतात, म्हणून तिथं जोर लावून पळण्यातनं मिळतं कमी आणि दम जातो जास्त. जोडीला १८० मीटर, पेस ११:०७. उतारावर धाव १६०, चाल ९५, जोडीला २५५, पेस ७:५१.

आता तीन किलोमीटर वर आणि तीन खाली, एकूण किती? इथं मघाचा नियम आठवा. तुमच्यातल्या हुशारांनी एव्हाना १८० आणि २५५ ची सरासरी काढली असेल, २१७ आणि काहीतरी, पेस ९:१२, सहा किलोमीटरला ५५:१०. चूक! चढ आणि उताराला वेळ सारखा लागलेला नाही. अंतर सारखं आहे, तोच रस्ता परत आलोय. म्हणजे हा खांबांसारखा हिशोब, इथं पेसची सरासरी घ्यायची: ११:०७ आणि ७:५१ यांची सरासरी ९:२९. वर जायला ३३:२०, खाली यायला २३:३२, एकूण ५६:५२. जोडीच्या आत मीटरची बेरीज, जाण्यायेण्याला पेसची सरासरी. दोन्ही एकाच रनमध्ये येतात म्हणून गोंधळ होतो, पण प्रत्येक वेळी स्वतःला विचारायचं की इथं सारखं काय आहे, मिनिटं का किलोमीटर.

आणि उतारावर १६० मीटर निघाले म्हणून खूश होऊन ते ओढत बसू नका. गुडघे आणि मांड्यांचा पुढचा भाग दोन दिवसांनी बोलतो. वहिनींना जिना उतरताना बोललाच.

मिनिटं बदलायची झाली तर

काही आठवड्यांनी एक-एक सोपं वाटायला लागतं आणि मग दोन मिनिटं धाव, एक मिनिट चाल करावंसं वाटतं. रन-वॉकची ही पद्धत जगभर पोचवणारा जेफ गॅलोवे, १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये १०,००० मीटर पळालेला माणूस, त्याच्या पद्धतीत सुद्धा वेगवेगळी प्रमाणं आहेत, एक-एक ही काही दगडावरची रेघ नाही. हिशोब तोच, फक्त जोडी तीन मिनिटांची झाली. १४३, १४३ आणि ८३, बेरीज ३६९. ३००० भागिले ३६९ म्हणजे ८.१३, पेस ८:०८. इथं मघाचं HARMEAN(7,12) चालत नाही हे लक्षात घ्या, कारण आता धावेला दुप्पट मिनिटं मिळालीत. वापरायचंच असेल तर सात दोनदा लिहा, म्हणजे HARMEAN(7,7,12).

कागदावर ८:५१ चे ८:०८ झाले, ४३ सेकंद एका झटक्यात. पण हे १४३ दुसऱ्या मिनिटात पण १४३ च राहिले तर. वहिनींनी मागच्या रविवारी करून बघितलं. पहिलं मिनिट १४२, दुसरं १२९, आणि चाल ७४ वर आली. बेरीज ३४५, पेस ८:४२. म्हणजे ४३ सेकंदांपैकी नऊ मिळाले, आणि त्यासाठी त्या तिसऱ्या राउंडनंतर बाकावर बसल्या होत्या. परत एक-एकवर आल्यात, आता चालीचे ८८ टिकवायचं चाललंय.